फोटोतले उदाहरण आणि टोमॅटोच्या दोन रेषा

गेल्या पंधरवड्यात घोडेगावकडच्या एका मुलीने मोबाईलवर एका उदाहरणाचा फोटो पाठवला. बारावी कॉमर्सला आहे, वडील बिगारी काम करतात, क्लास लावलेला नाही. मैत्रिणीच्या वहीतले उदाहरण तिने घाईत टिपले होते. फोटोवर हाताची सावली पडलेली, कागदाला घडी गेलेली आणि ती घडी नेमकी समीकरणातल्या अधिक-उणेच्या खुणेवरून गेलेली. खाली तिने लिहिले होते, "काका, दोन रेषा दिल्यात पण कुठली कुठली ते दिलेले नाही. आकड्यांचा तक्ता पण नाही. मग सरासरी काढायची कशावरून?"

प्रश्न चांगला आहे आणि तो एकटीचा नाही. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथली कॉमर्सची मुले दरवर्षी समाश्रयणाच्या प्रकरणापाशी अडतात. बालभारतीच्या बारावी वाणिज्य शाखेच्या गणित व संख्याशास्त्राच्या दुसऱ्या भागात हे प्रकरण आहे, आणि पुढे बी.कॉम.ला गेल्यावर तेच पुन्हा भेटते. म्हणून यावेळी तेवढे एकच उदाहरण सावकाश सोडवून पाहू. ज्या आईवडिलांचा गणिताशी संबंध सुटला आहे त्यांनीही वाचावे, कारण शेवटचा पडताळा त्यांनाही घेता येईल इतका सोपा आहे.

उदाहरण असे होते. एका बाजारात टोमॅटोची रोजची आवक x (हजार क्रेटमध्ये) आणि क्रेटचा दर y (दहा रुपयांच्या हिशेबात) यांच्या दोन समाश्रयण रेषा पुढीलप्रमाणे आहेत:

9x + 10y = 480
5x + 2y = 160

यावरून सरासरी आवक, सरासरी दर आणि सहसंबंध गुणांक काढा. आवक २४ हजार क्रेट झाली तर दर किती राहील याचा अंदाज सांगा.

आकडे पुस्तकी आहेत. नारायणगावच्या बाजाराच्या नोंदवहीतले नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर कुणी या भावाने माल घेऊन जायचे. पण टोमॅटो आपल्या ओळखीचा आहे. आवक वाढली की भाव पडतो हे जुन्नर-आंबेगावातल्या पोराला शिकवावे लागत नाही. वीस किलोचे क्रेट भरून उन्हात टेंपोची वाट पाहिलेल्या घरांत हे आधीच कळलेले असते. तेव्हा उत्तर कुठल्या बाजूला यायला हवे याची अटकळ आपल्याला सुरुवातीपासून आहे, आणि ती पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आता पहिली अडचण. एकाच बाजाराच्या एकाच आकड्यांना दोन रेषा कशा? शाळेत तर शिकलो की दोन बिंदूंतून एकच रेषा जाते.

असे समजा की साठ दिवसांचे आकडे घेतले आणि कागदावर साठ ठिपके मांडले. आडव्या बाजूला आवक, उभ्या बाजूला दर. ठिपके एका ओळीत येत नाहीत, ढगासारखे पसरतात. आवक सारखी असूनही एका दिवशी दर तीनशे असतो, दुसऱ्या दिवशी अडीचशे, कारण माल ओला होता, किंवा परराज्यातला व्यापारी त्या दिवशी आलाच नाही. या ढगातून एक रेषा ओढायची आहे. पण कशासाठी ओढायची, यावर ती कशी ओढायची ते ठरते. आवक माहीत आहे आणि दराचा अंदाज हवा आहे, तर चूक दरात होणार. म्हणून प्रत्येक ठिपक्याचे रेषेपासूनचे अंतर उभे मोजायचे आणि त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी रेषा निवडायची. हिला y ची x वरील समाश्रयण रेषा म्हणतात. उलट दर माहीत आहे आणि आवक किती असेल हे ताडायचे आहे, तर चूक आवकेत होणार. मग अंतर आडवे मोजायचे. ही x ची y वरील रेषा. उभे मोजून आलेली रेषा आणि आडवे मोजून आलेली रेषा एकच असेल असे नाही. सगळे ठिपके आपणहून एका सरळ ओळीत उभे राहिले तरच त्या एकमेकींवर पडतात.

दोन रेषा का, हे समजले की सरासरीचा मार्ग आपोआप उघडतो. पहिल्या रेषेचे पहा. प्रत्येक दिवसाचा खरा दर म्हणजे रेषेने सांगितलेला दर अधिक किंवा उणे त्या दिवसाची चूक. या रेषेचा एक गुण असा की तिच्या सगळ्या चुकांची बेरीज शून्य येते. काही दिवस ती जास्त सांगते, काही दिवस कमी, आणि शेवटी फिट्टंफाट. आता साठही दिवसांची सरासरी घ्या. चुका गेल्या. उरले एवढेच की सरासरी आवकेला ही रेषा बरोबर सरासरी दर दाखवते. म्हणजे रेषा सरासरीच्या ठिपक्यातून जातेच जाते. दुसऱ्या रेषेतही हेच, फक्त तिथे चुका आवकेतल्या. तीही त्याच ठिपक्यातून जाते. दोन्ही रेषा ज्या एका ठिपक्यातून जातात तो म्हणजे त्यांचा छेदनबिंदू. तक्ता नसला तरी सरासरी त्या दोन समीकरणांत लपलेली आहे ती अशी.

तेव्हा काम उरले नववी-दहावीतल्या एकसामयिक समीकरणांचे. दुसऱ्या समीकरणाला पाचने गुणा, म्हणजे y चा गुणक दोन्हीकडे दहा होईल:

25x + 10y = 800
9x + 10y = 480

वजा केले की 16x = 320, म्हणून x = 20. हे दुसऱ्या समीकरणात घातले तर १०० अधिक 2y बरोबर १६०, म्हणून y = 30. सरासरी आवक २० हजार क्रेट, आणि सरासरी दर तीस दहा, म्हणजे क्रेटला ३०० रुपये. इथे कुठली रेषा कुठली हे ठाऊक असण्याची गरजच पडली नाही. बरीच मुले आधी रेषा ओळखायला बसतात आणि त्यात गोंधळ झाला की सरासरीचे हक्काचे मार्कही सोडून देतात. सरासरी आधी काढून मोकळे व्हावे.

आता रेषा ओळखायच्या. त्यासाठी थोडे सूत्र लागते, पण ते दोन ओळींचे आहे. y ची x वरील रेषा y = … अशी मांडली तर त्यातला x चा गुणक म्हणजे b_yx. आवक एक हजार क्रेटने वाढली तर दर किती बदलेल, हे तो सांगतो. x ची y वरील रेषा x = … अशी मांडली तर त्यातला y चा गुणक म्हणजे b_xy. आता सहसंबंध गुणांक r आणि दोन्हींची प्रमाण विचलने, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत याची मापे, σx आणि σy घेतली तर

b_yx = r × σy / σx
b_xy = r × σx / σy

दोघांचा गुणाकार केला की σ छेदून जातात आणि r चा वर्ग उरतो. आणि r कधीही उणे एकच्या खाली किंवा एकच्या वर जात नाही, म्हणून हा गुणाकार एकपेक्षा मोठा होऊ शकत नाही. ही आपली चाळणी.

अंदाजाने धरू की पहिले समीकरण y चे x वरील आहे. मग 10y = 480 − 9x, म्हणजे y = 48 − 0.9x, आणि b_yx = −0.9. दुसरे मग x चे y वरील: 5x = 160 − 2y, म्हणजे x = 32 − 0.4y, आणि b_xy = −0.4. गुणाकार ०.३६. एकच्या आत आहे, धरलेले बरोबर.

उलट धरले असते तर? पहिल्यातून x काढला तर y चा गुणक −१०/९, म्हणजे सुमारे −१.११. दुसऱ्यातून y काढला तर x चा गुणक −२.५. गुणाकार सुमारे २.७८. हे शक्यच नाही. गंमत अशी की हा २.७८ दुसरातिसरा कुणी नसून १ भागिले ०.३६ आहे. रेषा उलट धरल्या की गुणाकार नेमका उलटा होतो. म्हणून दोनपैकी एक मांडणी एकच्या आत बसली की दुसरी बाहेर जाणारच. दोन्ही बसल्या किंवा दोन्ही नापास झाल्या असे होत नाही. अपवाद फक्त r बरोबर एक किंवा उणे एक असतानाचा, पण तेव्हा रेषाच एक असते.

घाईच्या पेपरात आणखी एक सोपी खूण कामी येते. दोन्ही समीकरणांत चिन्हे सोडून x च्या गुणकाला y च्या गुणकाने भागा. इथे ९/१० आणि ५/२. जिथे लहान संख्या येते ती y ची x वरील रेषा. आकृतीत पाहिले तर ती रेषा कमी उभी असते. पण ही खूण स्वतःपुरती ठेवावी. उत्तरपत्रिकेत मात्र गुणाकार करून तो एकपेक्षा कमी आहे हे लिहून दाखवावे, कारण मार्क त्या ओळीला असतात.

r² = 0.36, तेव्हा r = 0.6. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. वर्गमूळ काढले, अधिक आले, लिहून टाकले. पण सूत्रे पुन्हा पहा. σ कधी उणे नसते, म्हणून b_yx, b_xy आणि r या तिघांचे चिन्ह नेहमी एकच. आपले दोन्ही गुणांक उणे आहेत, म्हणून r = −0.6. आणि बाजार काय सांगतो? आवक वाढली की भाव पडतो. अधिक ०.६ लिहिणे म्हणजे माल जितका जास्त तितका भाव चढा, असे लिहिणे. नारायणगावात हे कुणाला सांगून पहावे.

तक्ता नसतानाही आणखी एक गोष्ट हाती लागते. गुणाकाराऐवजी भागाकार केला तर r जातो आणि पसाऱ्यांचे गुणोत्तर उरते: ०.९ भागिले ०.४ म्हणजे २.२५, त्याचे वर्गमूळ १.५. दराचा पसारा आवकेच्या पसाऱ्याच्या दीडपट आहे, अर्थात उदाहरणात घेतलेल्या मापांनी. म्हणून प्रश्नात σx = 4 दिले की σy = 6 हे एका ओळीत येते. पण दोन्हींपैकी काहीच दिले नसेल तर प्रत्येकाचे वेगळे मूल्य या दोन समीकरणांतून निघत नाही, कितीही खटपट केली तरी. किती दिवसांचे आकडे होते हेही निघत नाही. साठ ठिपक्यांतून आलेली रेषा आणि सहा ठिपक्यांतून आलेली रेषा कागदावर सारखीच दिसते.

ही नुसती परीक्षेची कसरत नाही. ज्या माणसापासून हा विषय सुरू झाला त्याचे खरे आकडे याच रीतीने तपासता येतात. इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली २०५ जोडप्यांची आणि त्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलामुलींची उंची मांडली. बायकांची उंची त्याने १.०८ ने गुणून पुरुषांच्या मापात आणली आणि आईबापांच्या उंचीची सरासरी काढून तिला एक आकडा मानले. त्याला आढळले की आईबाप सरासरीपेक्षा तीन इंच उंच असतील तर मुले सरासरीपेक्षा साधारण दोनच इंच उंच निघतात. म्हणजे गुणांक दोन तृतीयांश. आता उलट विचारा. मूल सरासरीपेक्षा तीन इंच उंच असेल तर त्याचे आईबाप किती उंच असावेत? पहिली रेषा उलटी फिरवून कुणी साडेचार इंच म्हणेल. गॉल्टनच्या तक्त्यात उत्तर निघाले एकच इंच. दुसरा गुणांक एक तृतीयांश. दोन्ही रेषा का लागतात याचा यापेक्षा चांगला दाखला नाही.

आपली रीत लावा. दोन तृतीयांश गुणिले एक तृतीयांश म्हणजे २/९, वर्गमूळ सुमारे ०.४७. हा आईबाप आणि मुले यांच्या उंचीचा सहसंबंध. भागाकार करा: दोन. मुलांच्या उंचीच्या प्रमाण विचलनाचा वर्ग आईबापांच्या आकड्याच्या वर्गाच्या दुप्पट. आणि तो दुप्पटच असायला हवा, कारण आईबापांचा आकडा दोन माणसांची सरासरी आहे, आणि जोडप्यातल्या दोघांच्या उंचीचा एकमेकांशी विशेष संबंध नसेल तर सरासरी घेतल्याने तो वर्ग निम्मा होतो. दोन गुणांकांतून एवढे सगळे बाहेर आले.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हाच गॉल्टन १८८३ साली 'युजेनिक्स' हा शब्द घडवणारा. चांगल्या रक्ताची माणसे वाढवावीत, हलक्यांची रोखावीत, असे म्हणणारा. उंच आईबापांची मुले सरासरीकडे परत येतात, याला त्याने सामान्यपणाकडे परतणे असे नाव दिले. पण त्याच्याच दुसऱ्या रेषेकडे पहा. उंच मुलांचे आईबापही सरासरीकडेच झुकलेले आहेत. मुलांचे रक्त काही मागे वाहत आईबापांत जात नाही. तेव्हा हे परतणे घराण्याचे वा रक्ताचे उतरणे नव्हते. दोन मापे एकमेकांशी पुरती बांधलेली नसली की कुठूनही पाहा, ते दिसणारच. रक्ताच्या गोष्टी ऐकत आलेल्या आपल्या लोकांनी हे दोन गुणांक ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता पुन्हा घडी पडलेल्या फोटोकडे. फोटोतली खूण दिसत नसेल तर काय करायचे? मैत्रिणीला विचारावे हे खरेच, पण ती रात्री फोन उचलत नसेल तर समीकरणेच बरेच काही सांगतात.

पहिल्या समीकरणातली खूण उणे वाचली, 9x − 10y = 480, आणि दुसरे तसेच ठेवले, तर b_yx अधिक ०.९ आणि b_xy उणे ०.४. गुणाकार उणे ०.३६. कुठल्याही संख्येचा वर्ग उणे नसतो. रेषा उलट धरल्या तरी गुणाकार उणेच राहतो. म्हणजे वाचण्यात चूक आहे, हे तिथल्या तिथे कळले. दोन्ही रेषा एकीने चढतात किंवा एकीने उतरतात, त्यांच्यात फाटाफूट नसते.

दोन्ही खुणा चुकून उणे वाचल्या तर? मग गुणाकार अधिक ०.३६, r = 0.6, सगळे व्यवस्थित दिसते. सरासरी काढा: x पुन्हा २० येतो, पण y येतो −३०. क्रेटचा सरासरी दर उणे तीनशे रुपये! व्यापारी माल नेणार आणि वर शेतकऱ्याकडूनच तीनशे घेणार. टोमॅटो रस्त्यावर ओतून देण्याची पाळी आपल्याकडे आलेली आहे, पण सरासरीच उणे, हे काही खरे नाही. इथे चूक कळली ती y म्हणजे दर आहे हे ठाऊक होते म्हणून. नुसते x आणि y दिले असते, त्यांचा अर्थ दिला नसता, तर ही चूक गणिताने पकडता आली नसती. म्हणून उदाहरणाचा फोटो काढताना वरचे शब्दही आले पाहिजेत, नुसती समीकरणे नकोत.

आकडा चुकला तर? दुसऱ्या समीकरणातला ५ सावलीत ३ दिसला असे समजा: 3x + 2y = 160. आता b_xy = −2/3, गुणाकार ०.६, r सुमारे −०.७७. चाळणीतून बिनबोभाट पार. पण सरासरी काढली की आवक ५३ हजारांवर जाते आणि दर येतो शून्य. फुकट टोमॅटोची सरासरी. म्हणजे r ला चूक समजली नाही, सरासरीला समजली. दोन्ही काढून दोन्हींकडे पहावे ते यासाठी.

आणि फोटोची उजवी कड कापली गेली, ४८० आणि १६० दिसतच नाहीत, तर? घाबरू नये. r आणि पसाऱ्याचे गुणोत्तर डावीकडच्या गुणकांवरच ठरते. उजवीकडचे आकडे रेषा पुढेमागे सरकवतात, त्यांचा चढ बदलत नाहीत. सरासरी तेवढी अडून राहील. पण उलट असे की उजवीकडचा आकडा चुकीचा वाचला, १६० ऐवजी १५० वगैरे, तर r बरोबरच येईल आणि सरासरी मात्र अपूर्णांकात जाईल. पुस्तकी उदाहरणात सरासरी बहुधा सुटी, स्वच्छ येते; ती २०.६ आणि काही अशी आली तर कागद पुन्हा उजेडात धरावा.

आईवडिलांसाठी म्हटले होते तो पडताळा हा. मुलाने सरासरी काढली की त्याला म्हणावे, दोन्ही समीकरणांत घालून दाखव. नऊ विसे १८०, दहा तीस ३००, मिळून ४८०. पाच विसे १००, दोन तीस ६०, मिळून १६०. दोन्ही जुळली पाहिजेत. एकच जुळली तर बेरीज-वजाबाकीत कुठेतरी घसरले आहे. यासाठी समाश्रयण शब्दाचा अर्थही माहीत असावा लागत नाही. मात्र समीकरणच चुकीचे उतरले असेल तर हा पडताळा ते सांगणार नाही, हेही तितकेच खरे.

राहिला शेवटचा प्रश्न: आवक २४ हजार झाली तर दर? आवक दिली आहे, दर हवा आहे, म्हणून y ची x वरील रेषा, म्हणजे पहिली. नऊ गुणिले २४ म्हणजे २१६. ४८० मधून गेले, उरले २६४. दहाने भागले, २६.४. क्रेटला २६४ रुपये. चुकून दुसरी रेषा वापरली तर पाच गुणिले २४ म्हणजे १२०. १६० मधून गेले, उरले ४०. दोनने भागले, २०. क्रेटला २०० रुपये. एका क्रेटमागे ६४ रुपयांचा फरक. शंभर क्रेट काढणाऱ्या शेतकऱ्याने या अंदाजावर उद्या तोडणी करायची की दोन दिवस थांबायचे हे ठरवले, तर ६,४०० रुपयांचा हिशेब चुकला, आणि तोडणीला जाणाऱ्या बायांची दोन दिवसांची मजुरीही त्यावर टांगलेली. उलट प्रश्न आला, दर ३६० रुपये होता तर आवक किती असावी, तर दुसरी रेषा: १६० मधून ७२ गेले, ८८, पाचने भागले, १७.६, म्हणजे १७,६०० क्रेट. जे काढायचे त्याची रेषा घ्यायची.

आणि २६४ हाही अंदाजच. r² ०.३६ आहे, म्हणजे दराच्या चढउताराचा, विचलनाच्या वर्गात मोजला तर, ३६ टक्के हिस्साच आवकेशी जोडून दाखवता येतो. उरलेला ६४ टक्के पाऊस, मालाची प्रत, दुसऱ्या बाजारांतली आवक, सणवार यांच्याकडे, आणि ते या रेषेत कुठेच नाहीत. शिवाय रेषा जिथले आकडे घेऊन ओढली तेवढ्या टप्प्यातच तिचे ऐकावे. ६० हजार क्रेट आवक घालून पहा: नऊ साठे ५४०, ४८० मधून वजा, उरले उणे ६०, म्हणजे क्रेटला उणे ६० रुपये. बाजारात भाव पडता पडता कुठेतरी थांबतो, माल येणे बंद होते, किंवा वावरातच सोडून दिला जातो. सरळ रेषेला हे कळत नाही, ती खालीच जात राहते.